टूरला जोडून रजा: कुठला खर्च कंपनीचा, कुठला तुमचा?

ऑफिसच्या कामासाठी लांबच्या शहरात जायचं ठरलं, की बऱ्याच जणांच्या मनात येतं: एवढ्या लांब जातोच आहोत, तर दोन-चार दिवस रजा टाकून तिथेच राहावं का? रजा मिळायला सहसा फारशी अडचण येत नाही. अडतं ते नंतर. परतीची तारीख बदलल्यामुळे तिकीट महागलं, तर वरचे पैसे कोणाचे? शुक्रवारची हॉटेलची रात्र कामाची की रजेची? विमानतळापर्यंतची टॅक्सी कोणाच्या खात्यात? कंपनीच्या प्रवासाच्या नियमावलीत यावर बहुधा एकच वाक्य असतं, की वैयक्तिक खर्च कर्मचाऱ्याने करावा. वैयक्तिक कुठून सुरू होतं, हे काही ते वाक्य सांगत नाही.

प्रवासाची बिलं तपासण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. या विषयावरचे वाद क्वचितच लबाडीतून होतात, असं मला दिसलं आहे. होतं असं, की कर्मचारी एक हिशेब डोक्यात धरून तिकीट काढतो, अकाउंट्सवाले दुसरा हिशेब धरून बिल तपासतात, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. म्हणून आधी दोघांनी एकच हिशेब धरायला हवा. तो असा: रजा घेतलीच नसती आणि काम संपवून सरळ घरी आला असतात, तर कंपनीचा किती खर्च झाला असता? तेवढा खर्च कंपनीचा. त्याच्या वरचा सगळा तुमचा.

या न झालेल्या प्रवासाला आपण ‘सरळ परत’ म्हणू. तो कधी होणार नसतो, पण पैशांचे बहुतेक प्रश्न त्याच्याकडे बघूनच सुटतात. एक उदाहरण घेऊन ते पाहू.

समजा, बैठका सोमवार १२ तारखेपासून गुरुवार १५ तारखेपर्यंत आहेत. तुम्ही रविवारी ११ ला निघणार. गुरुवारी संध्याकाळी काम संपतं, त्या रात्री परतीचं विमान नाही, म्हणून सरळ परत शुक्रवारी १६ ला सकाळी. तुम्हाला मात्र पुढचे काही दिवस राहून बुधवारी २१ ला सकाळी निघायचं आहे. चलनाच्या भानगडीत न पडता, रविवारी जाऊन शुक्रवारी यायच्या तिकिटाची किंमत १०० धरू. त्याच मापाने हॉटेलची एक रात्र १५.

आता रविवारी जाऊन बुधवारी परत यायचं तिकीट पाहिलं, तर ते ११२ ला आहे. कंपनी १०० देणार, १२ तुम्ही. इथवर कोणीच भांडत नाही. भांडण होतं ते हा १०० आकडा आला कुठून यावरून.

विमानाच्या तिकिटांचे दर दिवसातून अनेकदा बदलतात. तुम्ही बुधवारचं तिकीट आज काढलं आणि शुक्रवारचा दर तीन आठवड्यांनी, क्लेम भरताना पाहिला, तर तो १४० दिसेल, कारण तोपर्यंत तारीख जवळ आलेली असेल. ‘बघा, मी तर कंपनीचे २८ वाचवले,’ असं तुम्ही म्हणाल आणि त्यावर तुमचा मनापासून विश्वासही असेल. पण ती बचत खोटी आहे. म्हणून दोन्ही दर एकाच बैठकीत, तिकीट काढण्याच्या वेळीच पाहायचे आणि दोन्हीचे स्क्रीनशॉट जपून ठेवायचे. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ, विमानाचा क्रमांक, भाड्याचा प्रकार आणि करांसकट एकूण रक्कम दिसली पाहिजे. ट्रॅव्हल डेस्क तिकीट काढत असेल तर त्यांनाच सांगायचं, की दोन्ही तारखांचे दर एकाच मेलमध्ये पाठवा. त्यांच्याकडून आलेला आकडा अकाउंट्समध्ये सहसा कोणी उकरत नाही.

दोन्ही तिकिटं सारख्या जातीची असणंही तेवढंच महत्त्वाचं. शुक्रवारचं तिकीट तारीख बदलता येणारं, सामानासकट, आणि बुधवारचं मात्र काहीच बदलता न येणारं, बिनसामानाचं, अशी तुलना केली तर दोघांत फरकच दिसणार नाही, किंवा उलटाच दिसेल. बिल तपासणारा आधी हेच बघतो. दुसरं तो बघतो ते हे, की तुलनेला घेतलेलं विमान खरंच पकडता आलं असतं का. गुरुवारी पाचला बैठक संपते आणि स्क्रीनशॉट गुरुवारी साडेपाचच्या विमानाचा आहे, तर ती तुलना बाद. याच्या उलटही घडतं. गुरुवारी रात्री दहाचं चांगलं विमान असताना तुम्ही सरळ परत शुक्रवारची दाखवली, तर गुरुवारची हॉटेलची रात्र कंपनीने का द्यावी, हा प्रश्न येणारच. याला एक साधी कसोटी आहे. त्याच कामाला गेलेला आणि रजा न घेतलेला सहकारी कधी परत येतोय? त्याचं तिकीट हाच सगळ्यात भक्कम पुरावा.

आता समजा, बुधवारचं तिकीट महाग नव्हे तर स्वस्त निघालं, ८८ ला. वाचलेले १२ कोणाचे? अनेकांना वाटतं की ते आपले, निदान आपल्या हॉटेलात तरी वळते व्हावेत. रूढ पद्धत तशी नाही. झालेल्या खर्चाची भरपाई कंपनी करते, आणि तिकिटावर खर्च ८८ च झालेला असतो. ज्या १२ चं बिलच नाही, ते मागायचे कशाच्या आधारावर? काही कंपन्या हे आधी लेखी ठरवून देतात, पण न ठरवता गृहीत धरू नये. माझं मत विचाराल तर ही बचत मागू नये, नुसती सांगावी. रजेच्या अर्जात ‘तिकीट १२ ने स्वस्त पडतंय’ हे एक वाक्य असलं, की मॅनेजरला पुढे मंजुरी मिळवायला ते फार उपयोगी पडतं.

याला एक जुना अपवाद आहे. परतीच्या स्वस्त तिकिटांवर विमान कंपन्या पूर्वी एक अट सर्रास घालत: जाणं आणि येणं यांच्यात शनिवारची रात्र आली पाहिजे. कामासाठी फिरणारा माणूस शनिवार-रविवारी घरी परततो, सुट्टीला गेलेला राहतो, म्हणून कामवाल्याकडून जास्त पैसे काढायची ही युक्ती होती. सुट्या एकेरी तिकिटांचा प्रघात वाढल्यावर ही अट पुष्कळ मार्गांवरून गेली, पण काही लांब पल्ल्याच्या भाड्यांत ती अजून भेटते. काम गुरुवार-शुक्रवारचं असेल, शुक्रवारी रात्री परतीचं तिकीट १०० आणि रविवारचं ५५ असेल, तर हॉटेलच्या जादा दोन रात्रींचे ३० धरूनही एकूण ८५ होतात. अशा वेळी त्या दोन रात्री कंपनीने द्याव्यात, असं मागणं अगदी रास्त आहे, कारण तुम्हाला ठेवून घेणं कंपनीलाच स्वस्त पडतं. फक्त त्या दोन दिवसांचा भत्ताही बेरजेत धरायचा आणि मंजुरी आधी घ्यायची. परत आल्यावर सांगितलेली काटकसर कोणी मान्य करत नाही.

तिकीट काढायचं कोणी, हाही प्रश्न आहे. दोन मार्ग असतात. एक, सगळं तिकीट कंपनीच काढते आणि वरचे १२ तुमच्या कार्डावरून किंवा पगारातून वळते होतात. दुसरा, तुम्ही स्वतः तिकीट काढता आणि १०० चा क्लेम लावता. शक्य असेल तर पहिलाच घ्यावा. तिकीट कंपनीच्या व्यवस्थेत राहिलं, तर विमान रद्द झाल्यावर ट्रॅव्हल डेस्क ते फिरवून देऊ शकतं. स्वतः काढलेल्या तिकिटाला ते हात लावत नाहीत. पण एक उद्योग मात्र अजिबात करू नये: कंपनीने काढलेलं शुक्रवारचं परतीचं तिकीट तसंच सोडून द्यायचं आणि बुधवारचं वेगळं एकेरी तिकीट काढायचं. कंपनीचे पैसे वाया जातात ते वेगळंच. शिवाय परतीच्या प्रवासात दोन टप्पे असतील, तर पहिल्या टप्प्याला तुम्ही आला नाहीत म्हणून विमान कंपनी पुढचा टप्पाही बहुतेक रद्द करते.

म्हणूनच तिकीट निघायच्या आधी विचारणं हे निम्मं काम आहे. आधी विचारलंत तर तुमच्या माथी फक्त दोन दरांतला फरक येतो. शुक्रवारचं तिकीट निघाल्यावर विचारलंत, तर तारीख बदलण्याचं शुल्क आणि त्या दिवशीच्या भाड्यातला फरक, दोन्ही तुमचेच. कंपनीने तिचं काम पुरं केलेलं असतं.

हॉटेल, भत्ता आणि टॅक्सी

हॉटेलचा हिशेब तिकिटापेक्षा सोपा आहे. सरळ परत शुक्रवारी सकाळी असती, म्हणजे रविवार ते गुरुवार या पाच रात्री कंपनीच्या. शुक्रवार ते मंगळवार या पाच तुमच्या. हॉटेल तेच ठेवणार असाल तर बुकिंग दोन करायची आणि शुक्रवारी सकाळी पहिल्या बुकिंगचं बिल बंद करून घ्यायचं, खोली तीच राहिली तरी. दहा रात्रींचं एकच बिल आणून त्यातल्या पाच रात्रींवर पेनाने खूण केलेली असली, की अकाउंट्समधला माणूस ते बाजूला ठेवतो आणि ते बाजूलाच राहतं. कर, न्याहारी, धुलाई, सगळं पुन्हा वाटत बसावं लागतं. कंपनीला हॉटेलकडून मिळालेला सवलतीचा दर तुमच्या रात्रींना लागेल का, हे हॉटेल आणि कंपनी यांच्यातल्या करारावर असतं. बऱ्याच ठिकाणी लागतो, पण ट्रॅव्हल डेस्कला विचारूनच घ्यावा आणि पैसे स्वतःच्या कार्डावरून भरावेत. पती, पत्नी किंवा मुलं शुक्रवारी येऊन मिळणार असतील तर काही प्रश्नच नाही. ती रविवारपासूनच बरोबर असतील, तर कामाच्या पाच रात्रींतही एकट्याच्या खोलीचा जो दर झाला असता तेवढाच कंपनीचा. दुसऱ्या माणसापायी वाढलेली रक्कम तुमची.

दैनिक भत्त्याचं गणित शुक्रवारी अडतं. सरळ आला असतात तर शुक्रवार हा प्रवासाचा दिवस होता आणि त्याचा भत्ता, बहुधा थोडा कमी दराने, मिळाला असता. आता प्रवासाचा दिवस बुधवार झाला. मग शुक्रवारचा मागायचा की बुधवारचा? कुठलाही एक. परतीच्या प्रवासाचा एक दिवस कंपनीच्या खात्यात जायचाच होता, तो फक्त पुढे सरकला. दोन्ही मागितले तर चूक. काही कंपन्यांत एकही देत नाहीत, पण मला ते पटत नाही. सरळ परतीचा हिशेब धरायचा तर पूर्ण धरावा, कर्मचाऱ्याच्या बाजूने निघतो तिथेही.

रजेचे दिवस मोजतानाही हाच धागा. शुक्रवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस रजा. बुधवार प्रवासाचा, म्हणून तो कंपनीचा. कोणी म्हणेल, शुक्रवार प्रवासाचा धरा आणि बुधवार रजेचा. बेरीज तीनच येते. पण शुक्रवार आणि बुधवार दोन्ही रजेत टाकून चार दिवस कापले गेले असतील, तर जाऊन विचारा. मधले शनिवार-रविवार एरवी रजेत येत नाहीत. मात्र दोन्ही बाजूंना रजा असली की मधली सुट्टीही रजेतच मोजायची, असा नियम काही कंपन्यांत असतो आणि या उदाहरणात तो लागला तर तीनाचे पाच होतात. अर्ज करण्याआधी एचआरकडून एवढं जाणून घ्यावं.

टॅक्सीचा वाद रकमेने छोटा, पण वारंवार होणारा. कामाच्या हॉटेलपासून विमानतळापर्यंत टॅक्सीला ३ लागले असते. रजेचे दिवस तुम्ही शहराबाहेर राहिलात आणि तिथून विमानतळाला ७ लागले. मग ३ कंपनीचे, ४ तुमचे. शुक्रवारी सामान घेऊन एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात गेलात, तो खर्च पूर्ण तुमचा. परतल्यावर विमानतळ ते घर ही टॅक्सी मात्र कंपनीचीच, मग तुम्ही शुक्रवारी या की बुधवारी.

रजेच्या दिवसांत आणखी कुठल्या शहरात जाऊन तिथूनच परतणार असाल, तरी मोजमाप बदलत नाही. कंपनीकडून सरळ परतीचे १०० च. मधला प्रवास, दुसऱ्या शहरातून परतायचं जास्तीचं भाडं, सगळं तुमच्याकडे. पण मग प्रवासाच्या दिवसाबद्दल भांडू नका. तिकडून यायला दोन दिवस लागले तर दुसरा रजेत धरा.

हा हिशेब जिथे उपयोगी पडत नाही

वर सांगितलं ते सगळं ठरल्याप्रमाणे घडलं तर. घोळ होतो तेव्हा ‘सरळ परत आला असतात तर’ हा प्रश्न नेहमीच न्याय्य उत्तर देत नाही. म्हणून काही गोष्टी आधी बोलून ठेवाव्या लागतात.

सगळ्यात मोठी गोष्ट विम्याची, आणि नेमकी तीच कोणी विचारत नाही. कंपनीने घेतलेला प्रवासविमा कामाच्या प्रवासासाठी असतो. कामाला जोडून घेतलेले रजेचे दिवस काही विम्यांत धरलेले असतात, पण त्याला दिवसांची मर्यादा असते, किंवा दुसऱ्या देशात गेलात तर तो लागू होत नाही, किंवा साहसी खेळांना वगळलेलं असतं. काही विम्यांत रजेचे दिवस मुळीच नसतात. कामावर असताना झालेल्या दुखापतीची जी भरपाई कंपनीकडून मिळते, ती तर रजेच्या दिवसांना सहसा लागू नसते. एचआरला विचारायचा प्रश्न तारखांसकट असावा: ‘१६ ते २१ तारखेपर्यंत मी रजेवर त्याच शहरात आहे. या दिवसांना कंपनीचा विमा लागू आहे का?’ उत्तर मेलवर घ्यावं. ‘असेल बहुतेक’ हे उत्तर नव्हे. लागू नसेल तर स्वतःचा विमा घरून निघायच्या आधीच घ्यायचा, कारण बरेच प्रवासविमे एकदा प्रवास सुरू झाल्यावर विकतच मिळत नाहीत. शुक्रवारी तिथे बसून घेऊ म्हणाल, तर कदाचित घेता येणार नाही.

परदेशात जाणार असाल तर व्हिसाचाही प्रश्न येतो. कामाच्या भेटीसाठीचा व्हिसा मागताना निमंत्रणपत्र जोडावं लागतं, त्यात बैठकांच्या तारखा असतात, आणि त्या पाहून मोजकेच दिवस मंजूर होऊ शकतात. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसावर तर किती दिवस राहता येईल तो आकडाच छापलेला असतो. बैठकांपुरते दिवस मिळाले तर रजा मंजूर असूनही राहता येत नाही. म्हणून आधी रजा, मग व्हिसाचा अर्ज, आणि त्या अर्जात पुढचे दिवसही खरेखरे लिहायचे. ही व्यवस्था तिकिटाच्याही आधी करावी लागते, त्यामुळे परदेशच्या टूरमध्ये रजेचा विषय लवकरात लवकर काढलेला बरा.

मग येतात बदल. काम रद्द झालं, टूरच झाली नाही. कंपनी तिचं तिकीट रद्द करेल, त्याचं नुकसान तिचं. तुमच्या पाच रात्रींच्या हॉटेलचे पैसे आणि तुम्ही भरलेला १२ चा फरक यांचं काय? बहुतेक कंपन्या म्हणतील, ते तुमचं तुम्ही बघा, आणि त्यांना दोष देता येत नाही. माझा सल्ला एवढाच, की कामाच्या तारखा पक्क्या होईपर्यंत स्वतःचं बुकिंग पैसे परत मिळतील अशाच दराने करावं, थोडं महाग पडलं तरी.

काम लांबलं, बैठक शुक्रवारपर्यंत गेली, तर गोष्ट वेगळी. काम संपतं तिथे कंपनीची बाजू संपते, आणि काम पुढे गेलं की ती सीमाही पुढे जाते. शुक्रवारचा भत्ता कंपनीचा, रजा एक दिवसाने कमी. शुक्रवारी संध्याकाळी विमान नसेल तर ती रात्रही कंपनीची. रजेत असताना सोमवारी साहेबांनी तासाभराच्या बैठकीला बोलावलं, तर मात्र लगेच सोमवारची रात्र कंपनीच्या खात्यात टाकू नका. अर्ध्या दिवसाचं काम झालं तर रजा अर्धी परत मागा, ते सयुक्तिक आहे. हॉटेल तुम्ही स्वतःच्या मर्जीने घेतलेलं होतं.

आणि बुधवारी विमान रद्द झालं तर? सरळ परतीच्या हिशेबाने बघितलं तर तुम्ही शुक्रवारीच घरी असतात, म्हणजे जादा रात्र तुमची आणि गुरुवारची गैरहजेरीही रजेत. कडक आहे, पण बहुतेक अकाउंट्सवाले असंच धरतील. दुसरी बाजू अशी, की परतीचा प्रवास मुळात टूरचाच भाग आहे आणि विमान शुक्रवारचंही रद्द होऊ शकलं असतं. मला ही दुसरी बाजू जास्त पटते, निदान रजेच्या दिवसापुरती तरी. पण पटणं आणि मिळणं यांत अंतर आहे, म्हणून आधी विचारून ठेवावं. रात्रीच्या राहण्याचं म्हणाल, तर पहिला दावा विमान कंपनीवर करायचा. युरोपीय संघात २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाने, विमान रद्द होऊन रात्र काढावी लागली तर प्रवाशाच्या राहण्या-जेवण्याची सोय विमान कंपनीने करायची असते. इतरत्र नियम वेगवेगळे आहेत, तरी विमानतळावरच्या काउंटरवर विचारल्याशिवाय स्वतःच्या पैशाने हॉटेल घेऊ नये.

कंपनी एवढे कागद का मागते, याचं एक कारण कर्मचाऱ्यांना दिसत नाही. अनेक देशांत कंपनीने कर्मचाऱ्याचा खासगी खर्च उचलला तर तो पगाराचाच भाग धरून त्यावर कर लागतो. आणि चार दिवस काम, दहा दिवस रजा असा प्रवास असेल, तर तो मुळात कामासाठी होता का, अशी शंका कर-तपासणीत निघू शकते. बऱ्याच कंपन्या रजेचे दिवस कामाच्या दिवसांपेक्षा जास्त नसावेत म्हणतात, त्यामागे हेही असतं. आपल्या उदाहरणात चार दिवस काम आणि तीन दिवस रजा, म्हणजे अडचण यायला नको.

विचारायचं कसं

आधी मॅनेजरशी तोंडी बोलावं, मग मेल करावी. मेलमध्ये रजा आणि पैसे दोन्ही एकत्र यावेत, म्हणजे मंजुरी दोन्हींना मिळते. नुसत्या ‘थोडं पुढे थांबू का’ या प्रश्नाला मिळालेला होकार अकाउंट्समध्ये चालत नाही. ट्रॅव्हल डेस्कला मेलच्या प्रतीत ठेवावं. मेल साधारण अशी असावी:

‘नमस्कार मॅडम, काल बोलल्याप्रमाणे लिहीत आहे. १२ ते १५ तारखेच्या बैठकांसाठी मी रविवारी ११ ला निघणार आहे. काम गुरुवारी संध्याकाळी संपेल, त्यामुळे एरवी शुक्रवारी १६ ला सकाळी परत आले असते. त्याऐवजी शुक्रवार, सोमवार आणि मंगळवार असे तीन दिवस रजा घेऊन बुधवारी २१ ला परतायची परवानगी हवी आहे. गुरुवारी २२ ला ऑफिसमध्ये असेन. आज पाहिलेल्या दरांनुसार शुक्रवारच्या परतीचं तिकीट १०० आणि बुधवारचं ११२ आहे, दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. वरचे १२ मी भरेन. शुक्रवार ते मंगळवार या रात्रींचं हॉटेल आणि त्या दिवसांचा सगळा खर्च माझा. परतीच्या प्रवासाचा एक दिवस आणि त्याचा भत्ता नेहमीप्रमाणे कंपनीकडे धरावा, ही विनंती. बुधवारचं विमान रद्द झालं तर गुरुवार रजेत धरायचा का, तेही कळवावं. आपली मंजुरी आली की तिकीट काढायला सांगते.’

यात ‘फिरायला जायचंय’, ‘बहीण तिथे राहते’ असं काही नाही, आणि त्याची गरजही नाही. रजेचं कारण मागितलं तर सांगा. मॅनेजरला हवं असतं ते हे, की काम अडणार नाही, पैसे जास्त जाणार नाहीत, आणि उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद आहे. गुरुवारी ऑफिसमध्ये असेन, हे वाक्य म्हणूनच ठेवलंय. टूरचा अहवाल रजा संपल्यावर देणार की शुक्रवारी सकाळीच पाठवून मग रजा सुरू करणार, तेही सांगितलंत तर होकार लवकर येतो. टीममधले आणखी दोघे त्याच टूरवर असतील आणि तुम्ही एकट्याच थांबणार असाल, तर बैठकीनंतरचं काम कोण उचलणार, हे त्यांच्याशी बोलूनच मग साहेबांकडे जावं.

मंजुरी आल्यावरही बुकिंगच्या दिवशी दर पुन्हा पाहावे लागतात, कारण मेल आणि तिकीट यांच्यात चार दिवस गेले तर १०० आणि ११२ हे दोन्ही आकडे बदललेले असतील. समजा, ते १०५ आणि १२१ झाले. आता तुमच्या वाट्याला १६ येतात, १२ नव्हे. मंजुरी ‘दोन दरांतला फरक मी भरेन’ या शब्दांत असेल तर नवी परवानगी लागत नाही. नवे स्क्रीनशॉट त्याच मेलला जोडून पाठवले की झालं.

परतल्यावर क्लेमच्या फॉर्ममध्ये रजेचे दिवस मोकळे सोडू नका. १६ ते २० या तारखांसमोर खर्च शून्य आणि शेऱ्यात ‘वैयक्तिक रजा, मंजुरी सोबत’ असं लिहा. मोकळी ओळ दिसली की तपासणारा फोन करतो, शून्य दिसलं की पुढे जातो. परतीच्या प्रवासाचा भत्ता २१ तारखेसमोर लिहा. टॅक्सीच्या ७ च्या पावतीवर ३ चा क्लेम लावलात, तर त्याशेजारी कामाच्या हॉटेलपासूनच्या भाड्याचा अंदाज जोडा. टॅक्सीच्या ॲपवर दोन ठिकाणं टाकली की तो दिसतो.